पन्नास मिनिटांवर आलेली बॅटरी: बार्शीतल्या एका घरातला तपास

एप्रिल २०२३ मधली गोष्ट. बार्शीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरून फोन आला. सर संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकवतात आणि नेमकी त्याच वेळी आठवड्यातून तीन-चारदा लाईट जाते. आदल्या संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी लाईट गेली आणि ८ वाजता इन्व्हर्टरने शिट्टी मारून मान टाकली. म्हणजे बॅकअप ५० मिनिटे. बॅटरी जून २०१८ मध्ये घेतलेली, १५० अँपिअर-तासांची उंच ट्यूब्युलर, १२ व्होल्टची. नवी असताना चार तास सहज चालायची, असे काकूंचे म्हणणे. मग साडेतीन झाले, पुढे अडीच, गेल्या उन्हाळ्यात दीड, आणि आता पन्नास मिनिटे. बाजारातल्या एका दुकानात त्यांनी विचारले, तर न बघताच सांगितले की पाच वर्षे झाली, बॅटरी संपली, नवी घ्या. सरांनी मला एवढेच विचारले, "संपली म्हणजे नक्की काय संपलं, ते सांगता येईल का?"

हा प्रश्न मला फार योग्य वाटला. दरवर्षी थोडा थोडा बॅकअप कमी होणे हे एका कारणाचे काम क्वचितच असते. वय आपला वाटा घेतेच, पण त्याच्या आडून पाणी, टर्मिनल आणि चार्जिंगची सेटिंगही खात असतात, आणि बाहेरून सगळे सारखेच दिसते. वयाने गेलेले परत येत नाही. बाकीचे बरेचसे येते. शिवाय सेटिंग चुकलेली असेल आणि तिच्याकडे न बघता नवी बॅटरी बसवली, तर नवीही त्याच वाटेने जाते. म्हणून सरांना म्हटले, चार-पाच दिवस द्या, एकेक गोष्ट बदलू आणि प्रत्येक बदलानंतर घड्याळ लावून बॅकअप मोजू.

आधी हिशेब मांडला, कारण किती मिळायला हवे हे माहीत नसेल तर किती कमी पडले हे कळणार नाही. इन्व्हर्टरवर तीन सीलिंग फॅन होते, प्रत्येकी साधारण ७० वॅट. ९ वॅटचे पाच एलईडी बल्ब आणि वायफायचा राउटर. सगळे मिळून २६५ वॅट. यात पाच वर्षांत काही भर पडली का, हे मी मुद्दाम विचारले. पुष्कळदा बॅटरीला दोष दिला जातो आणि मधल्या काळात देवघरातला दिवा, टीव्ही, मुलाचा कॉम्प्युटर असे एकेक करत इन्व्हर्टरच्या लाईनवर चढलेले असते. इथे तसे नव्हते, लोड पहिल्यापासून तोच. मेन बंद करून बॅटरीच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावला, तर २७ अँपिअर ओढले जात होते. २६५ ला १२ ने भागले तर २२ येतात, उरलेले पाच इन्व्हर्टर स्वतः खातो, आणि या आकाराच्या यंत्रात ते चालायचेच.

आता बॅटरीवर लिहिलेले १५० घ्या आणि २७ ने भागा, तर साडेपाच तास येतात. इथे बरेच जण फसतात. तो १५० चा आकडा वीस तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने, बॅटरी रिकामी केली तर मिळणारा आहे. जितक्या जोरात ओढाल तितके हाती कमी येते. २७ अँपिअरने ओढताना नव्या बॅटरीकडूनही ११५ ते १२० अँपिअर-तासच निघतात. म्हणजे सव्वाचार तास. काकूंना आठवणारे चार तास बरोबर होते, बॅटरी पहिल्या दिवशी चांगली होती, आणि आपल्याला सव्वातीन तासांहून जास्त वेळ कुठे गेला हे शोधायचे होते.

बॅटरी जिन्याखालच्या कपाटात होती. कपाटाला दार, आत हवा खेळायला जागा नाही, शेजारीच इन्व्हर्टर. दार उघडल्यावर आंबूस वास आला. प्लसच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर इतका चढला होता की खालचा बोल्ट दिसत नव्हता. बॅटरीच्या पाठीवर ओलसर, चिकट धूळ होती. पाण्याची पातळी दाखवणारे सहाही तरंगते दांडे वरवर ठीक दिसत होते, दोनांचा तर हिरवा भागही दिसत होता. मी त्यातला एक बोटाने दाबला, तर तो खाली गेलाच नाही, घाणीने अडकला होता. या दांड्यांवर कधीही विसंबू नये. बूच काढून टॉर्चने आत बघायचे, तेच खरे.

बुचे काढली. सहापैकी चार सेलमध्ये पाणी प्लेटच्या खाली गेले होते, आणि चौथ्या सेलमध्ये तर प्लेटचा वरचा बोटभर भाग उघडा, कोरडा होता. काकू घरातल्या सिलिंडरच्या तारखा कॅलेंडरवर लिहितात, तशाच बॅटरीत पाणी टाकल्याच्या तारखाही लिहितात. जुनी कॅलेंडरे त्यांनी जपून ठेवली होती. शेवटची नोंद फेब्रुवारी २०२२ ची. म्हणजे चौदा महिने आणि मधे एक पूर्ण उन्हाळा. २०२१ मधल्या एका नोंदीपुढे "फिल्टरचे पाणी" असेही लिहिलेले होते. लॉकडाऊनमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिळेना, म्हणून घरच्या आरओचे टाकले होते.

बॅटरीतले पाणी का आटते, हे काकूंना सांगायला मला थोडा वेळ लागला. त्यांचा समज होता की उन्हाने वाफ होऊन जाते. वाफ थोडी होतेच, पण मुख्य पाणी चार्जिंगमध्ये जाते. बॅटरी भरत आली की उरलेला करंट पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करतो आणि ते बुचाच्या भोकातून निघून जातात. असा एक अँपिअर एक तास वाहिला तर प्रत्येक सेलमधले साधारण एक तृतीयांश मिलिलीटर पाणी संपते. दिसायला काहीच नाही, पण बॅटरी दिवसरात्र चार्जिंगला लावलेलीच असते, आणि उष्णता वाढली की हा करंटही वाढतो. आम्ल मात्र उडून जात नाही, ते आतच राहते. म्हणून वरून टाकायचे ते नुसते पाणी, आम्ल कधीच नाही. आणि तेही डिस्टिल्डच, कारण आरओच्या पाण्यात क्षार कमी असले तरी संपलेले नसतात. पाणी उडते आणि क्षार मागे साठतात. त्यातले लोह बॅटरीला बसल्या जागी उतरवत राहते, क्लोराइड प्लेटच्या सांगाड्याला खाते. एकदा टाकलेले ते पाणी बाहेर काढायचा घरगुती उपाय नाही. सरांच्या बॅटरीत ते किती बाधले असेल, हे मी मोजू शकलो नाही, त्यामुळे ते वयाच्या खात्यातच धरले.

प्लेट उघडी पडली की तिचा तेवढा भाग कामातून जातो. आम्लाशी संपर्क नाही, म्हणजे तो भाग वीज देत नाही आणि चार्जही होत नाही. त्यावरचे लेड सल्फेट घट्ट, खडबडीत होत जाते. उरलेले आम्ल घट्ट झाल्याने खालच्या भागावरचा ताणही वाढतो. इथे एक फसवणूक आहे. अशा सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत आतल्या आम्लाचा जडपणा, तपासली तर ती चांगली दिसते, कधी नव्या बॅटरीपेक्षाही जास्त. सेल चार्ज असतो म्हणून ती जास्त दिसत नाही, पाणी कमी झाल्यामुळे आम्ल दाट झालेले असते. मी अशा वेळी ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर काढतच नाही. आधी पाणी, मग चार्जिंग, मग मोजणे.

पाणी टाकतानाही लगेच काठोकाठ भरले नाही. चार्जिंगमध्ये आतले द्रव फुगते आणि बुडबुड्यांनी वर येते, आधीच भरलेले असेल तर आम्ल बाहेर वाहते, आणि टर्मिनलवरच्या थराचे एक मूळ तेच असते. प्लेट झाकल्या जातील एवढेच डिस्टिल्ड वॉटर आधी टाकले, त्याला दोन लिटर लागले. पूर्ण चार्ज झाल्यावर दुसऱ्या दिवशी वरच्या खुणेपर्यंत भरले. पाच लिटरच्या कॅनमध्ये तळाला थोडेच उरले.

पाणी टाकून बुचे लावली आणि थर साफ करण्याआधी एक मोजणी केली. ही मोजणी कुणीही साध्या मल्टिमीटरने करू शकतो आणि तिच्यासारखे डोळे उघडणारे दुसरे काही नाही. लोड चालू ठेवून बॅटरीचा व्होल्टेज मोजायचा, पण दोन ठिकाणी. एकदा बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टोके टेकवून, आणि एकदा इन्व्हर्टरच्या मागे, जिथे त्या वायरी घुसतात तिथे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. सरांकडे ०.७३ व्होल्टचा फरक आला. मग एक टोक खुंटाच्या शिशावर आणि दुसरे वायरीच्या टोकाला बसवलेल्या लगच्या तांब्यावर लावून पाहिले, तर त्यातले ०.६२ एकट्या प्लसच्या सांध्यावर जात होते. बाकी मायनसवर. सतरा वॅट तिथल्या तिथे उष्णता होऊन जात होते, लगला बोट लावले तर चटका बसत होता.

सतरा वॅटची फिकीर नाही, तेवढ्याने बॅकअप फारसा घटत नाही. खरे नुकसान वेगळेच आहे. इन्व्हर्टर बॅटरी रिकामी झाली की नाही हे स्वतःच्या टोकावरच्या व्होल्टेजवरून ठरवतो. हा इन्व्हर्टर १०.५ ला बंद होतो. त्याच्या टोकाला १०.५ दिसत होते तेव्हा बॅटरीच्या खुंटावर ११.२ होते. बॅटरीत अजून चार्ज होता, पण मधल्या घाणीमुळे इन्व्हर्टरला वाटत होते की ती संपली. आणि हेच उलट्या दिशेने चार्जिंगलाही लागते. १५ अँपिअरने चार्ज होताना त्याच सांध्यांवर ०.४ व्होल्ट पडत होते. इन्व्हर्टरला वाटते आपण ठरलेल्या व्होल्टेजला पोहोचलो, तो करंट आवरता घेतो, आणि बॅटरीवर मात्र तेवढा व्होल्टेज पोहोचलेलाच नसतो. करंट कमी होत गेला की हा फरकही कमी होतो हे खरे, म्हणजे दोन दिवस लाईट सलग राहिली तर बॅटरी शेवटी भरेल. पण जिथे रोज लाईट जाते तिथे तो वेळ मिळतच नाही. एकच घाणेरडा सांधा भरताना कमी भरतो आणि रिकामे करताना लवकर थांबवतो. बॅकअप दोन्ही टोकांनी कापला जातो.

पाठीवरच्या धुळीचीही परीक्षा घेतली. मीटरचे काळे टोक मायनसच्या खुंटावर ठेवले आणि लाल टोक प्लास्टिकच्या पाठीवरून फिरवले. प्लास्टिकवर काहीच यायला नको, इथे दीड व्होल्टपर्यंत दाखवत होते. म्हणजे आम्लाने ओली झालेली ती धूळ दोन खुंटांमध्ये बारीकशी वाट बनून बॅटरीला सतत उतरवत होती. नुकसान छोटे, पण दिवसरात्र चालणारे.

साफसफाई अशी केली. इन्व्हर्टरचा स्विच बंद, भिंतीवरचा प्लगही काढला. कपाटाचे दार आणि खिडकी उघडून अर्धा तास हवा जाऊ दिली, कारण चार्जिंगनंतर आत हायड्रोजन असतो आणि एक ठिणगी पुरते. बुचे घट्ट आहेत याची खात्री केली. मायनसची वायर आधी सोडली, नंतर प्लस. कुठलाही खुंट सोडताना पाना चुकून दुसऱ्या खुंटाला लागला तर पाना वितळण्याइतका करंट वाहतो. माझ्या पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली असते ती याचसाठी. कोमट पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून ते थरावर ओतले. फेस यायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतले, मग साध्या पाण्याने पुसून कोरडे केले. सोड्याचे पाणी सेलमध्ये गेले तर आतले आम्ल मारते, म्हणून बुचांची एवढी काळजी. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा होता. काकू जवळ येऊन बघत होत्या, त्यांना मागे उभे राहायला सांगितले.

थर निघाल्यावर प्लसच्या लगमध्ये शिरणारी तांब्याची वायर काळी पडलेली दिसली. आम्ल वायरीत आत चढले होते. अशा वेळी वरून घासून उपयोग नाही. दोन इंच वायर कापली, चकचकीत तांबे लागल्यावर नवा लग दाबून बसवला. खुंट काचपेपरने घासले, बोल्ट आवळले, आधी प्लस जोडली आणि शेवटी मायनस, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात दिला. जेली जोडल्यानंतर लावायची, आधी नाही. पुन्हा लोड लावून दोन्ही ठिकाणी मोजले, फरक ०.०४ व्होल्ट.

त्या दिवशी सेटिंगला मी हात लावला नाही. रात्रभर जुन्याच सेटिंगवर चार्ज होऊ दिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेन बंद करून, तोच २६५ वॅटचा लोड लावून घड्याळ बघितले. एक तास वीस मिनिटे. पन्नासची ऐंशी झाली. यात पाण्याचा वाटा किती आणि सांध्याचा किती हे मी वेगळे करू शकलो नाही, कारण उघड्या प्लेट ठेवून पूर्ण बॅटरी उतरवून बघणे मला पटले नाही. मात्र पाण्याखाली आलेल्या सुकलेल्या प्लेट एका रात्रीत कामाला लागत नाहीत, हे पाहता त्या तीस मिनिटांतला मोठा भाग सांध्यांचाच असावा, असे माझे मत आहे.

आता सेटिंग. चार्जिंगच्या वेळी खुंटावर व्होल्टेज मोजत गेलो, तर तो १३.८ ला येऊन थांबला, वर जाईना. ट्यूब्युलरला या यंत्रातून १४.४ मिळायला हवे. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायची छोटी कळ असते. ती "फ्लॅट" वर होती. २०१८ च्या आधी सरांकडे फ्लॅट प्लेटची जुनी बॅटरी होती. ती काढून ट्यूब्युलर बसवली, इन्व्हर्टर तोच राहिला आणि कळ बदलायची कुणालाच आठवण झाली नाही. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, म्हणून कळ कुठे आहे एवढ्यावर न थांबता खुंटावर मीटर लावून बघावे. कळ बरोबर असूनही सर्किटमधला दोष व्होल्टेज वर जाऊ देत नाही, अशीही यंत्रे मी पाहिली आहेत.

अर्ध्या व्होल्टने काय होते, असे सरांनी विचारले. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटवर लेड सल्फेट तयार होते आणि चार्ज होताना ते पुन्हा विरघळते. कमी व्होल्टेजवर शेवटचा दहा-पंधरा टक्के भाग विरघळायचा राहतो. दुसऱ्या दिवशी लाईट जाते, त्यावर नवा थर बसतो, आणि जुना उरलेला थर महिन्यामहिन्याला कडक होत जातो. शिवाय उंच ट्यूब्युलरमध्ये जड आम्ल तळाशी बसते आणि वर पातळ राहते. चार्जिंगच्या शेवटी जे जोरदार बुडबुडे येतात तेच आम्ल ढवळून एकसारखे करतात. १३.८ ला ते येतच नव्हते. पाच वर्षे ही बॅटरी रोज थोडी उपाशी झोपत होती.

दुसरी कळ यूपीएस मोडची होती. २०२० मध्ये मुलगा घरून काम करायचा, कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून त्याने ती लावली होती. तो पुण्याला परत गेला, कळ तशीच. त्या मोडमध्ये बाहेरचा व्होल्टेज १८० च्या खाली गेला की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. सरांच्या गल्लीत संध्याकाळी मी मोजला तेव्हा १७४ होता. शेजारी लाईट असायची आणि सरांचे घर बॅटरीवर चालायचे, कुणाला पत्ताही नसायचा. खरी लाईट जाईपर्यंत बॅटरी अर्धी उतरलेली. काकू म्हणाल्या, "तरीच, संध्याकाळी लाईट असताना पण त्यातनं गुंई आवाज यायचा." कळ साध्या मोडवर आणली. त्यात १०० व्होल्टपर्यंत इन्व्हर्टर मेनवरच राहतो आणि जमेल तसे चार्जही करतो.

बॅटरीचा प्रकार ट्यूब्युलर केल्यावर खुंटावर १४.४ दिसू लागले. आता मी हायड्रोमीटर काढला. आम्ही ग्रॅव्हिटी हजाराच्या पटीत बोलतो, १.२४० ला बाराशे चाळीस. या बॅटरीचा पूर्ण चार्जचा आकडा १२४०, तोही २७ अंशाला. त्या दिवशी आतले द्रव ३७ अंशांचे होते. दर दहा अंशाला सात मिळवायचे, तेवढी दुरुस्ती करून सहा सेलचे आकडे असे आले: ११९०, ११८५, ११९५, ११५०, ११९०, ११८५. पाच सेल एका पातळीवर आणि चौथा चाळीसने मागे. कुठलाच सेल भरलेला नाही.

तीन दिवस सरांनी संध्याकाळची शिकवणी अंगणात घेतली आणि बॅटरीला हात लावू दिला नाही. चौदा-पंधरा तासांनंतर पहिल्यांदाच सगळ्या सेलमधून बुडबुड्यांचा नीट आवाज आला. मी रोज सकाळी जाऊन आकडे घेत होतो. थांबायचे कधी, याची खूण अशी की तासातासाने तीन वेळा मोजूनही आकडा वर सरकत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो थांबला: १२३०, १२२५, १२३०, ११९५, १२३०, १२२५. दोन तास बॅटरी सोडून ठेवल्यावर व्होल्टेज १२.३७. चार्ज करण्याआधी तो १२.१३ होता.

त्या संध्याकाळी पुन्हा घड्याळ लावले. दोन तास पंचवीस मिनिटे.

सर खूश झाले, पण माझे लक्ष उरलेल्या वेळाकडे होते. सव्वाचार तासांपैकी एक तास पन्नास मिनिटे अजून गायब होती, आणि पाच सेलची ग्रॅव्हिटी तर जवळजवळ नव्यासारखी आली होती. वय ओळखायची खूण हीच आहे. ग्रॅव्हिटी कमी आणि चार्ज केल्यावर ती चढते, तर दोष चार्जिंगचा, आणि तो दुरुस्त होतो. ग्रॅव्हिटी भरलेली, सांधे स्वच्छ, पाणी बरोबर, आणि तरी बॅकअप कमी, तर आम्ल पूर्ण चार्ज आहे पण काम करणारी प्लेट उरलेली नाही. ट्यूब्युलरमध्ये प्लसचा माल नळ्यांमध्ये भरलेला असतो. वर्षानुवर्षे तो मऊ होऊन सांगाड्यापासून सुटतो, सांगाडाही झिजतो. बंद कपाटातल्या उष्णतेने हे आणखी लवकर होते, ढोबळमानाने दर दहा अंशाला आयुष्य निम्मे. यावर पावडर, गोळ्या, जादूचे द्रव असे बाजारात बरेच काही विकतात. मी ते कुणालाही घ्यायला सांगत नाही. सुटलेला माल त्याने परत चिकटत नाही.

चौथ्या सेलचे वेगळे होते. शेवटच्या दहा मिनिटांत मी व्होल्टेज बघत बसलो होतो. हळूहळू घसरत ११.६ पर्यंत आला आणि मग दोन-तीन मिनिटांत एकदम १०.५. सहाही सेल सारखे उतरत असते तर शेवटची घसरण अशी खड्ड्यात पडल्यासारखी होत नाही. एक सेल आधी संपला आणि त्याने पाच जणांचे काम थांबवले. सगळे एका साखळीत असल्याने बॅकअप सर्वांत अशक्त सेलएवढाच मिळतो. वरून चौथ्यात थोडे आम्ल घालू का, असे सरांनी विचारले. त्याने हायड्रोमीटरवरचा आकडा सुधारला असता आणि सेल आणखी लवकर मेला असता.

पुढे काय करायचे हे सरांनीच ठरवले. शिकवणी दोन तासांची, लाईट जाते ती दीड-दोन तास, तेव्हा सव्वादोन तास पुरतात. चौदा-पंधरा हजारांची बॅटरी लगेच घेण्यापेक्षा त्यांनी दोन खोल्यांतले जुने फॅन काढून ३० वॅटचे बीएलडीसी फॅन लावले. लोड २६५ वरून १८५ वर आला, बॅटरीतून १९ अँपिअर. बॅकअप साडेतीन तासांच्या थोडा वर गेला. लोड जितका घटला त्याहून जास्त वेळ वाढला, कारण हळू ओढल्याने बॅटरीही जास्त देते, तोच सुरुवातीचा १५० चा हिशेब. कपाटाचे दार काढून टाकले. काकूंनी कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला बूच उघडून बघायची खूण केली. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी आणि एरवी तीन महिन्यांनी पाणी लागले.

मार्च २०२४ मध्ये पुन्हा फोन आला. आठवड्याभरात बॅकअप साडेतीन तासांवरून ३५ मिनिटांवर आला होता. जाण्याआधीच मला अंदाज आला, कारण वय कधी एका आठवड्यात इतके धावत नाही. पाणी बरोबर, सांध्यांवर ०.०५, चार्जिंगला १४.४. पूर्ण चार्जनंतर पाच सेल १२२० च्या आसपास आणि चौथा ११३०. चार्जिंगमध्ये त्यात बुडबुडेही येत नव्हते, म्हणजे आत शॉर्ट झाला होता, बहुधा तळाशी साचलेल्या गाळाने. ही बॅटरी मात्र खरोखर संपली होती, पाच वर्षे नऊ महिन्यांनी.

त्याच आठवड्यात नवी १५० ची ट्यूब्युलर आली. घेताना पेटीवरचा उत्पादनाचा महिना बघितला, तो दोनच महिन्यांपूर्वीचा होता. दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली बॅटरी तिथेच उतरत असते, म्हणून हे बघावे. जुनी त्याच दुकानात परत दिली. बसवून झाल्यावर सरांनी स्वतः मीटर हातात घेतला आणि चार्जिंग शेवटाला येईपर्यंत खुंटाशी बसून राहिले. १४.४ आल्यावर त्यांनी काकूंच्या कॅलेंडरवर तारखेखाली तो आकडा लिहिला, त्याच्या खाली सहा सेलची ग्रॅव्हिटी, आणि पहिल्या रात्रीचा बॅकअप, नव्या लोडवर सहा तास दहा मिनिटे.